बारा टक्क्यांची वाढ

ब्रँड ट्रॅकिंगच्या आमच्या कामात एक आकडा असा असतो, की तो वाढला की क्लायंटच्या ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी राहतात. तो म्हणजे न सुचवता आठवलेली नावं. 'मसाल्याचे कोणकोणते ब्रँड तुम्हाला माहीत आहेत?' एवढंच विचारायचं, यादी दाखवायची नाही, आणि बाई जी नावं घेईल ती त्याच क्रमाने टॅबवर टिपायची. एखाद्या ब्रँडचं नाव असं आपणहून घेणाऱ्या बायकांच्या टक्केवारीला आम्ही 'स्पॉन' म्हणतो. पहिलं आलेलं नाव 'टॉप ऑफ माइंड'. मग यादी वाचून दाखवली की मिळतो तो 'एडेड'.

क्लायंट म्हणजे राज्यातला मध्यम आकाराचा मसाल्याचा ब्रँड. त्यांनी नाशिकमध्ये जाहिरात केली: होर्डिंग, एफएम, बसची मागची बाजू आणि शहरापुरतं यूट्यूब. सोलापुरात मुद्दाम काहीच केलं नाही, कारण तुलनेला एक शहर कोरं ठेवा असं आम्ही आग्रहाने सांगितलं होतं. मोहिमेआधी मुलाखतींची एक फेरी, म्हणजे वेव्ह, आणि मोहिमेनंतर एक. दोन्ही शहरांत दर वेव्हला चारशे गृहिणी. नाशिकचा स्पॉन ३१ टक्क्यांवरून ४३वर गेला.

बारा टक्के. चारशेच्या सॅम्पलवर दोन वेव्हमधला साधारण साडेसहा टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. बारा त्याच्या बऱ्याच पुढे. क्लायंटचे ब्रँड मॅनेजर फोनवर म्हणाले, "मॅडम, हेडलाइन मिळाली. सोमवारी बोर्डापुढे हीच स्लाइड." मीही खूश होते, पण सोलापूरचं टेबल उघडेपर्यंतच. तिथे स्पॉन २४ वरून ३३ झाला होता. जिथे एकही होर्डिंग नव्हतं तिथे नऊ टक्के.

असं झालं की मी आधी दुसऱ्या ब्रँडकडे बघते. बाजारातला पहिल्या क्रमांकाचा ब्रँड, ज्याने या काळात वेगळं काही केलं नव्हतं, तोही नाशिकमध्ये ६२ वरून ७३वर पोचला होता. चौथ्या-पाचव्या क्रमांकाचे ब्रँडही वर. म्हणजे आमच्या ब्रँडचं नाव वाढलं नव्हतं, सगळ्यांचीच नावं वाढली होती. एका बाईने सरासरी किती नावं घेतली ते काढलं: आधी २.८, आता ३.९. आणि टॉप ऑफ माइंड नाशिकमध्ये ९ वरून १०, सोलापुरात ७ ते ७. एडेड ७१ वरून ७३. यादीत आम्ही कुठेही न विकला जाणारा एक बनावट ब्रँड घालतो, हो म्हणायची सवय किती आहे ते कळावं म्हणून. तोही ५ टक्क्यांवर जागचा हलला नव्हता.

पहिलं नाव तसंच, यादीवरचं उत्तर तसंच, फक्त मधली नावं वाढलेली. हे बाजारात घडत नाही, हे मुलाखतीत घडतं. दोन वेव्हच्या मधे फील्ड टीम बदलली होती.

टॅब प्रत्येक प्रश्नावर किती वेळ गेला ते नोंदवतो. तो कॉलम सहसा कोणी उघडत नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण अर्धं सत्य तिथेच असतं. स्पॉनच्या प्रश्नावर आधीच्या टीमचा मधला वेळ १४ सेकंद होता, नव्या टीमचा ३८. मग मी रेकॉर्डिंग ऐकली. जुन्या टीममध्ये बाई दोन नावं घेते, जरा थांबते, तेवढ्यात मुलगा पुढचा प्रश्न वाचतो. नव्या टीममधली मुलगी म्हणते, "आणखी कोणता, ताई?" आणि गप्प राहते. आत कुकरची शिट्टी होते, बाई "थांबा हं" म्हणून उठते, परत येते आणि म्हणते, "हां, तो आणखी एक आहे बघा, पिवळ्या पाकिटातला," आणि नाव घेते. ते नाव आमच्या क्लायंटचं होतं.

प्रश्नावलीत सूचना स्पष्ट आहे: 'आणखी नाही' असं उत्तर येईपर्यंत 'आणखी कोणता?' विचारत राहा. म्हणजे नवी टीम बरोबर काम करत होती. जुन्या टीमच्या सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, पोरांना फॉर्ममागे पैसे मिळतात. दिवसात आठ फॉर्म झाले नाहीत तर बसभाडं निघत नाही." मला त्या पोरांना दोष देववत नाही. आपण फॉर्म मोजून पैसे देतो आणि वर शांतपणे थांबायची अपेक्षा करतो.

तरी मोहिमेचं काय झालं हा प्रश्न उरलाच. टॅबवर नावांचा क्रम साठवलेला असतो, म्हणून दोन्ही वेव्हमधली फक्त पहिली दोन नावं धरली. तेवढी जवळजवळ प्रत्येक बाई न विचारता घेते, त्यामुळे थांबण्याचा फरक बराचसा गळतो. नाशिक २२ वरून २४. सोलापूर १७ वरून १७. दोन टक्क्यांचा फरक एवढ्या सॅम्पलवर आहे असंही म्हणता येत नाही, नाही असंही नाही.

ब्रँड मॅनेजरांनी मग दुसरी वाट काढली. नाशिकमध्ये ज्यांनी जाहिरात पाहिली त्यांच्यात स्पॉन ५८, न पाहिलेल्यांत ३०. "हा बघा अठ्ठावीसचा फरक." ही तुलना मी रिपोर्टमध्ये घालू देत नाही. ज्या घरात तो मसाला आधीपासून येतो, त्या बाईचं होर्डिंगवरच्या ओळखीच्या पाकिटाकडे लक्ष जातंच. जाहिरातीमुळे नाव आठवलं की नाव माहीत असल्यामुळे जाहिरात दिसली, हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही. मोहिमेआधीच्या वेव्हशी आणि सोलापूरशी ताडल्याशिवाय तो फरक मोहिमेच्या खात्यावर टाकता येत नाही.

खरी बातमी दुसऱ्या प्रश्नात होती. जाहिरातीतली चित्रं नाव आणि पाकीट झाकून दाखवायची, 'पाहिली आहे का?' आणि मग 'कोणाची?' नाशिकमध्ये १८४ बायकांनी, म्हणजे ४६ टक्क्यांनी, पाहिली म्हटलं. सोलापुरातही ९ टक्के हो म्हणाल्या. तेवढा भाग आठवणीच्या गोंधळाचा धरायचा. म्हणजे पैसे वाया गेले नव्हते, जाहिरात लोकांपर्यंत पोचली होती. पण त्या १८४ मधल्या ७९ जणींनीच बरोबर नाव सांगितलं. ५८ जणींनी ती पहिल्या क्रमांकाच्या ब्रँडची असल्याचं ठामपणे सांगितलं, बाकीच्यांना आठवेना. मी चित्रपट्टी परत पाहिली: लाल पार्श्वभूमी, जी त्या मोठ्या ब्रँडची ओळख आहे, आणि आमचं पिवळं पाकीट शेवटच्या दोन सेकंदांत. सुंदर जाहिरात होती. ती दुसऱ्याचं नाव पुसट होऊ देत नव्हती.

सोमवारच्या स्लाइडवर बारा टक्के गेले नाहीत. त्याऐवजी ७९ आणि ५८ गेले, आणि खाली एक ओळ: या वेव्हपासून स्पॉनची आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नये. ब्रँड मॅनेजर माझ्याशी आठवडाभर तुटक बोलले. जाहिरातीतलं पाकीट मात्र पुढच्या एडिटमध्ये पहिल्या चार सेकंदांत आलं.

माझी अडचण मागच्या वेव्हची आहे. जुन्या टीमने तीन वर्षं हा ट्रॅक चालवला, आणि त्यातला प्रत्येक स्पॉन त्या १४ सेकंदांत मिळालेला आहे. त्या आकड्यांवर दोन मोहिमा बंद झाल्या आहेत. पहिल्या दोन नावांवर तो सगळा ट्रॅक पुन्हा काढायला मी बसले आहे. क्लायंटने त्याचे पैसे मंजूर केलेले नाहीत.