दोन शब्द बोला

“आयत्या वेळी माझं नाव पुकारतात आणि डोकं कोरं होतं. खुर्चीवरून उठून माइकपर्यंत जाताना तुम्ही नेमकं काय ठरवता?”

शेवटचं वाक्य. बाकीचं बोलता बोलता सुचतं, निदान सुचण्याची शक्यता असते. शेवट मात्र बोलता बोलता सुचत नाही, हे मी स्वतःची फजिती करून शिकलो. एका निरोप समारंभात मी ‘खरं तर माझी काही तयारी नाही’ इथून सुरुवात केली आणि सहा-सात मिनिटं थांबायची जागाच सापडेना. ‘अजून काय बोलू’ असं म्हणून बसलो, तेव्हा टाळ्या वाजल्या त्या सुटकेच्या.

तेव्हापासून असल्या प्रसंगांसाठी मी एकच चौकट वापरतो: काल, आज, उद्या. या माणसाशी किंवा कामाशी माझी गाठ कशी पडली, आता काय आहे, पुढे काय होईल. चौकटी इतरही आहेत. पण ही घाबरलेल्या माणसालाही आठवते, कारण क्रम लक्षात ठेवावा लागत नाही. ‘काल’ म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो.

उठताना मी एक प्रसंग शोधतो. एकच. गुणांची यादी करायला गेलं की ‘मनमिळाऊ, कष्टाळू, सदा हसतमुख’ सुरू होतं आणि ते कोणालाही चिकटवता येतं. मागे हिशेब विभागातल्या एका बाईंच्या निवृत्तीला मला अचानक उभं केलं. मला आठवलं ते एवढंच: नोकरीच्या पहिल्या महिन्यात माझं प्रवासाचं बिल त्यांनी तीनदा परत पाठवलं होतं, आणि तिसऱ्यांदा कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘बेरीज बरोबर, तारीख चुकली.’ हा झाला ‘काल’. मग उलट्या बाजूने, शेवटाकडून विचार केला. उद्या काय? उद्या बिल दुसऱ्या टेबलावर जाईल. तिथून शेवटचं वाक्य मिळालं: ‘सोमवारी माझं बिल पहिल्याच फेरीत पास झालं, तर ते श्रेय तुमच्या पेन्सिलीचं.’ ‘आज’ मधे भरायचं राहिलं होतं, ते बोलतानाच सुचलं: आता आमच्याकडे कोणीही बिल देताना आधी तारीख बघतो, बेरीज नंतर. तीनदा परत आलेल्या बिलाची गोष्ट मिनिटभर, ‘आज’ पाऊण मिनिट, शेवट पंधरा सेकंदांत. दोन मिनिटांत झालं.

दोन मिनिटं म्हणजे साध्या वेगाने पंधरा-वीस वाक्यं. टोस्टमास्टर्स या भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबच्या सभेत असं आयत्या वेळचं बोलणं चालू असताना मिनिटाला हिरवा दिवा लागतो, दीड मिनिटाला पिवळा आणि दोन मिनिटांना लाल. आपल्यासमोर दिवे नसतात, म्हणून भागांच्या लांबीवर लक्ष ठेवावं लागतं.

फुगतो तो बहुतेक वेळा ‘काल’. आठवणी ओळखीच्या असतात, तिथे सुरक्षित वाटतं, आणि एकीतून दुसरी निघते. तोंडून ‘त्याच वेळची आणखी एक गंमत’ असं निघालं की समजायचं, गाडी रुळावरून उतरली. अशा वेळी वाक्य अर्धवट राहिलं तरी चालेल, मी सरळ ‘आणि आज’ असं मोठ्याने म्हणतो. ऐकणाऱ्याला ते ठरवून केलेलं वळणच वाटतं. दुसरी खोड शेवटाची: ठरवलेलं वाक्य बोलून झालं, लोक हसले, की मोह होतो आणखी एक जोडायचा. ते दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा चांगलं निघाल्याचं मला तरी आठवत नाही. ठरलेलं वाक्य ऐनवेळी विसरलंच, तर त्या व्यक्तीकडे बघून साधे आभार मानायचे आणि बसायचं.

चौकट सगळीकडे बसत नाही. शोकसभेत मी ‘उद्या’ गाळतो. घरच्यांचा उद्या कसा असेल हे आपण सांगू नये. तिथे एक आठवण आणि आज जाणवणारी एक उणीव, एवढ्यावर थांबतो, मिनिटभरातही. मीटिंगमध्ये ‘तुमचं मत काय’ असं विचारलं, तर काल-आज-उद्या म्हणजे नुसतं पाल्हाळ. लोकांना उत्तर हवं असतं, म्हणून तिथे आधी मत, मग एक कारण, मग त्या कारणाचं एक उदाहरण.

आणि हो, तयारी नसल्याचं सांगू नका. आत्ताच अचानक नाव पुकारलेलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं.