पाच मिनिटांचं नेट

ई-रीडरला सिमकार्ड नाही, याची आठवण घरात कधी होत नाही. ती होते गाडी सुटल्यावर. मालिकेतला पहिला भाग संपलेला असतो, दुसऱ्याचं मुखपृष्ठ समोर दिसत असतं, त्यावर बोट ठेवलं की यंत्र म्हणतं, आधी वाय-फाय जोडा. मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक आत आहे असं नव्हे. बऱ्याचदा ती खात्यातली नुसती नोंद असते, पुस्तक अजून यायचंच असतं.

अशा वेळी खिशातला फोन कामाला येतो. हॉटस्पॉट चालू करायचा, ई-रीडरच्या यादीत त्याचं नाव शोधायचं, पासवर्ड टाकायचा. सांगायला सोपं आहे, पण बरेचदा यादीत ते नावच येत नाही. गंमत अशी, की शेजारच्याच्या लॅपटॉपला तोच हॉटस्पॉट लख्ख दिसत असतो. मग माणूस ई-रीडर बंद करून चालू करतो, फोनला चिकटवून धरतो, शेवटी यंत्र बिघडलं असं ठरवून मोकळा होतो.

बिघडलेलं काहीच नसतं. वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पाचाची पट्टी वेगवान, त्यामुळे नवे फोन हॉटस्पॉटसाठी अनेकदा तीच निवडतात. पण अनेक ई-रीडरमध्ये, विशेषतः जुन्या, फक्त 2.4 ची सोय असते. अक्षरं उतरवायला जास्त वेग हवा कशाला, असा बनवणाऱ्यांचा हिशेब असावा आणि तो चुकीचाही नाही. फक्त पाचावरचा हॉटस्पॉट त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नसतो. म्हणून लॅपटॉपला दिसतंय आणि ई-रीडरला नाही, अशी स्थिती असेल तर पहिला संशय पट्टीवर घ्यावा. अँड्रॉइड फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलून 2.4 करता येतो. आयफोन 12 आणि त्यापुढच्या मॉडेलांत Personal Hotspot खाली Maximize Compatibility नावाचं बटण असतं, तेही हेच काम करतं. शिवाय जोडणी होईपर्यंत आयफोनवर तो पडदा उघडाच ठेवलेला बरा.

नाव दिसतंय, पासवर्डही बरोबर आहे आणि तरी जुनं यंत्र नाही म्हणतंय, तर दोष सुरक्षेच्या प्रकाराचा असू शकतो. फोनने WPA3 लावलेलं असेल आणि ई-रीडरला WPA2 पर्यंतच कळत असेल, तर ते जुळणार कसं? जिथे निवड करता येते तिथे WPA2 करावं.

एकदा जोडणी झाली की पंख्याच्या आकाराचं चिन्ह भरून येतं आणि माणूस निर्धास्त होतो. त्या चिन्हावर माझा मुळीच विश्वास नाही. ते सांगतं ई-रीडर आणि फोन यांच्यातल्या हातभर अंतराची गोष्ट. फोनपासून टॉवरपर्यंतची हकीकत त्याला ठाऊक नसते. गाडी डोंगरातून जात असेल, तर पंखा पूर्ण भरलेला आणि पुस्तक एका टक्क्यावर अडकलेलं, असं खुशाल घडतं. तेव्हा ई-रीडरकडे नाही, फोनच्या वरच्या दांड्यांकडे पाहायचं. गावाजवळ दांड्या वाढल्या की पुन्हा बोट ठेवायचं. बहुतेक मजकूर असलेली कादंबरी एखाद-दोन एमबीची असते, दोन बोगद्यांमधल्या उघड्या पट्ट्यातही ती उतरून जाते. चित्रकथा आणि ऑडिओबुकं मात्र शेकडो एमबी खातात, त्यांचं काम घरीच उरकावं.

टॅबलेटची तऱ्हा निराळी. ई-रीडर अर्धपोटी राहणारा, तर टॅबलेट वाय-फाय दिसलं की पंगतीला बसतो. त्याच्या लेखी वाय-फाय म्हणजे फुकटचं नेट, म्हणून ॲप अद्ययावत करणं, फोटोंचा बॅकअप घेणं, सगळं पडद्यामागे सुरू होतं. आपण चार पानं वाचतो तोवर फोनचा दिवसाचा डेटा संपायला येतो. अँड्रॉइड टॅबलेटवर त्या जोडणीच्या तपशिलात जाऊन ती metered, म्हणजे मोजून मिळणाऱ्या डेटाची, आहे असं सांगून ठेवावं, आयपॅडवर त्याच जागी Low Data Mode असतो. जोडणी झाल्याबरोबर हे करावं, नंतर आठवण राहत नाही.

पुस्तक उतरलं की मी दोन्हीकडचं वाय-फाय बंद करतो. हॉटस्पॉट चालू ठेवला तर फोन गरम होतो, बॅटरी भराभर उतरते, आणि तिकीट त्याच फोनमध्ये असतं. तसंही ई-रीडर झोपी गेला की अनेकदा त्याचं वाय-फायही झोपतं, आणि कोणी जोडलेलं नाही असं पाहून बरेच फोन काही वेळाने हॉटस्पॉट आपोआप मिटवतात. पुढे वाचलेलं पान फोनवरच्या ॲपला लगेच कळत नाही एवढंच. मुक्कामी पोचल्यावर ई-रीडर पुन्हा एकदा जोडला की ते आपोआप कळतं, मात्र त्याआधी फोनवर तेच पुस्तक उघडलं तर ते जुन्याच पानावर उघडेल.