आमची वाटचाल: कवडसा नेमका कुठे पडतो

पुण्यात आम्ही दोघा भागीदारांनी रेंडरिंगचा, म्हणजे वास्तू कशी दिसेल याची चित्रं संगणकावर बनवण्याचा स्टुडिओ सुरू केला, तेव्हा कामं म्हणजे टू-बीएचकेच्या हॉलची चित्रं. सोफा, पडदे, खिडकीतून आलेलं थोडं ऊन. सूर्य कुठेही ठेवला तरी कुणी हटकत नसे. मग बंगले आणि छोटी ऑफिसं करणारे आर्किटेक्ट येऊ लागले. त्यांच्या नकाशात स्कायलाइट असायचाच, आणि प्रत्येकाला खालच्या फरशीवर उन्हाचा झळझळीत चौकोन हवा असायचा.

आमची कामाची पद्धत बदलली ती एका तीन मजली ऑफिसमुळे. मधोमध चार बाय चार मीटरचा चौक, वर पूर्ण काच, फरशी नऊ मीटर खाली. उद्घाटन डिसेंबरात होतं, म्हणून चित्रही डिसेंबरातल्या दुपारचं हवं होतं. माझ्या भागीदाराने सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर हिशेब मांडला. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात भरदुपारीही सूर्य साधारण ४८ अंशांवरच असतो, तोही दक्षिणेला. म्हणजे ऊन एक मीटर उत्तरेकडे सरकेपर्यंत जेमतेम १.१ मीटर खाली उतरतं. चार मीटरचा चौक ओलांडून ते उत्तरेच्या भिंतीवर आदळतं, तेव्हा काचेपासून फार तर साडेचार मीटर खाली आलेलं असतं. फरशीला ते शिवतच नाही. मार्चच्या विषुवदिनी सूर्य ७१ अंशांच्या वर चढतो, तेव्हा उत्तरेच्या भिंतीलगत मीटरभर रुंद पट्टा मिळतो. फरशीभर ऊन हवं तर मेच्या मध्यात, सूर्य डोक्यावर असताना. जुलैच्या शेवटी तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा पुण्याच्या आकाशात ढगांशिवाय काय दिसतं? आम्ही आर्किटेक्टला मे आणि डिसेंबर अशी दोन्ही चित्रं दिली. डिसेंबरच्या चित्रात भिंतीचा वरचा अर्धा भाग उजळलेला होता, आणि त्यांना तेच जास्त आवडलं. रिसेप्शनचं टेबल त्यांनी निर्धास्तपणे मधोमध आणलं, फक्त मे महिन्यापुरता वर पडदा सुचवला.

जागा ठरली तरी कडांचं काम उरतंच, आणि नवीन मुलांचं चित्र तिथेच खोटं दिसतं. सूर्य आकाशात बिंदू नाही, अर्ध्या अंशाहून किंचित मोठी तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कड दर मीटर अंतराला जवळजवळ एक सेंटिमीटर पसरते. कौलारू घरात कौलाच्या वेड्यावाकड्या फटीतून जमिनीवर गोल कवडसा पडतो तो यामुळेच. ते सूर्याचंच चित्र असतं. आमच्या चौकावरच्या काचेच्या फ्रेमची पट्टी पाच सेंटिमीटरची होती. तिची पूर्ण काळी सावली साडेपाच मीटरच्या आतच संपते. मार्चमध्ये फरशीवर पोहोचेपर्यंत ती चौदा सेंटिमीटर पसरलेली असते आणि तिच्या मध्यातही जवळपास एक तृतीयांश ऊन येतच असतं. म्हणून भिंतीच्या माथ्याजवळ या पट्ट्यांच्या सावलीची जाळी रेखीव आणि फरशीवर विरघळलेली दिसली पाहिजे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सूर्याचा `Angle`, म्हणजे तबकडीचा आकार, मुळातच 0.526° असतो, कुणी 'कडक ऊन' हवं म्हणून तो शून्य करतं आणि नऊ मीटर खाली सुरीने कापल्यासारखी जाळी उमटते. उलट मऊपणासाठी पाच अंश केला, तर वरची जाळीसुद्धा गढूळ होते.

चौकात खाली उतरताना उजेड हळूहळू मंदावतो, त्याचं गणित भिंतींच्या रंगात आहे. ८० टक्के प्रकाश परत टाकणाऱ्या भिंतीवर पाच वेळा आपटल्यावर त्यातला तिसरा हिस्सा उरतो. ५० टक्क्यांच्या राखाडी भिंतीवर जेमतेम तीन टक्के. रंग अगदी शुभ्र ठेवला तर तळघरही ट्यूबलाइटखाली असल्यासारखं दिसतं, आणि परावर्तनांची मर्यादा कमी ठेवली तर पांढरा चौक उगाच काळवंडतो. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये `Diffuse` परावर्तनं मुळात चारच असतात. अशा खोल चौकासाठी आम्ही ती आठ-दहापर्यंत नेतो आणि लागणारा वेळ बिलात धरतो.

हवेत तरंगणारा प्रकाशाचा झोत मात्र आम्ही टाळतो. तो धूळ किंवा धूर असला तरच दिसतो, आणि एसी ऑफिसात कुणाला धूळ दाखवायची असते?

आता कोटेशनसोबत एक प्रश्न न विसरता जातो: वर साधी काच बसणार की दुधी पॉलिकार्बोनेट? उन्हाळ्याच्या धगीमुळे ऐनवेळी दुधी पत्रा बसवणारे बरेच असतात. त्यातून उजेड छान येतो, पण कवडसा पडतच नाही. ग्राहकाने त्या पत्र्याचं नाव लिहून दिलं की आम्ही चित्रातून ऊन काढून टाकतो, आणि हल्ली त्यावर फारसं कुणी भांडत नाही.