तालमीत २९, स्पर्धेत ३३

«आमची बंदरावरची एकांकिका तालमीत साडेएकोणतीस मिनिटांत बसते, मर्यादा ३० मिनिटांची आहे. मग स्पर्धेत दर वेळी ३३ मिनिटं कशी होतात? आणि सेटला पैसे नसताना काय उभं करायचं?»

तालमीत तुम्ही फक्त संवाद मोजता, स्पर्धेत सगळंच मोजलं जातं. तालमीत कुणीतरी तोंडाने «ब्लॅकआउट» म्हणतं आणि पुढचं वाक्य लगेच सुरू होतं. प्रत्यक्षात दिवे जातात, अंधारात बाकडं सरकतं, कुणीतरी चपला शोधतं, मग दिवे येतात. यात १५ सेकंद सहज जातात. पाच ब्लॅकआउट म्हणजे सव्वा मिनिट. सुरुवातीला गाज आणि बासरीचा तुकडा वाजवता, त्याची ४० सेकंद. लोक हसले तर पुढचं वाक्य थांबवावं लागतं, त्याची मिळून आणखी ४०. उरलेलं मिनिट रंगमंच खातो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

कॉलेजच्या हॉलमधली तालमीची जागा जेमतेम १५ फूट रुंद असते. नाट्यगृहातला रंगमंच साधारण त्याच्या दुप्पट. जी चाल तालमीत चार सेकंदांत व्हायची तिला तिथे आठ लागतात. अशा १५ चाली असल्या की मिनिट गेलं. साडेएकोणतीसमध्ये हे सगळं मिळवा, ३३ मिनिटं पाच सेकंद होतात. नटांनी लांबवलं म्हणून त्यांच्यावर ओरडण्याआधी ही बेरीज एकदा कागदावर करा.

आता दुरुस्ती. सुरुवातीचं संगीत काढा आणि पहिलं वाक्य अंधारातच येऊ द्या, दिवे त्याच्यामागून येतील. दहा सेकंद पुरतात. ब्लॅकआउट पाचाचे दोन करा. तालमीसाठी थोडी मोठी जागा बघा, तिथे चुन्याने किंवा टेपने १८ फुटांची चौकट आखा आणि नाट्यगृहातही नाटक तेवढ्याच जागेत खेळा. बाकीचा रंगमंच काळोखात राहू दे. चौकटीपर्यंत यायला वेळ जाऊ नये म्हणून नटांनी विंगेत न थांबता चौकटीच्या कडेला पाठमोरं बसावं, आपला प्रवेश आला की तिथूनच उठावं. म्हणजे चालींचं मिनिट अर्ध्यावर येतं. हशाची ४० सेकंदं तशीच ठेवा. अशी संवादाबाहेरची बेरीज १ मिनिट ५० सेकंद होते. वर एक मिनिट शिल्लक ठेवायचं असेल, तर तालमीतला नुसता संवाद २७ मिनिटांत संपला पाहिजे. म्हणजे अडीच मिनिटांची संहिता कापायची.

कुठली? शेवट कापायचा मोह होतो, कारण उशीर तिथेच दिसतो. पण जास्तीचा मजकूर बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांत असतो, जिथे पात्रं एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती सांगत बसतात. समजा देवगडच्या बंदरावर एक कुटुंब होडीचा तांडेल असलेल्या बापाची वाट बघतंय. मूळ वाक्य असं: «तुझ्या बापाशीन गेल्या वर्षी बँकेचा कर्ज काढून होडी घेतल्यान, आता हप्तो तोंडार इलो, वारो फिरलो, तरी तो येऊक नाय.» त्याऐवजी:

«हप्तो कधी?»
«सोमवारी.»
«वारो फिरलो.»

कर्ज, मुदत, भीती सगळं पोचतं, आणि आई पाण्याकडे बघत असेल तर बाप कुठे आहे हेही कळतं. अशा चार-पाच जागा सापडल्या की अडीच मिनिटांतली बरीचशी तिथेच निघतात.

एवढं करूनही स्पर्धेत उशीर होऊ शकतो. म्हणून साधारण विसाव्या मिनिटाच्या आसपासचा ४० ते ५० सेकंदांचा एक तुकडा «सोडायचा» म्हणून आधीच ठरवा. त्याची पहिली ओळ आणि तुकडा संपल्यावरची पुढची ओळ एकाच नटाची हवी, म्हणजे उडी त्याने एकट्याने मारायची आणि बाकीच्यांना काही ठरवावं लागत नाही. तुकड्यात एण्ट्री नको, दिव्याचा किंवा आवाजाचा क्यू नको, पुढे लागणारी माहिती नको. निर्णय फक्त प्रॉम्प्टरचा. त्याच्या संहितेत दर पाच मिनिटांच्या वाक्यापाशी वेळ लिहिलेली असावी. पंधराव्या मिनिटाच्या खुणेपाशी तो ३० सेकंदांहून मागे असेल तर विंगेतून ठरलेला इशारा द्यायचा, नाहीतर गप्प राहायचं. आणि तुकडा सोडूनही दोन-तीन तालमी झाल्याच पाहिजेत. नाहीतर समोरचा नट मूळ ओळीची वाट बघत उभा राहतो आणि वाचवलेले ४० सेकंद तिथेच जातात.

वेळ लावून करायची तालीम पावसाचा जोर असताना घेऊ नका. पत्र्यावर सरी कोसळत असताना सगळेच ओढून, ओरडून बोलतात. तो आकडा खोटा असतो.

सेटसाठी फार लांब बघायला नको. दशावतारात देवळाच्या मांडावर एक बाकडं असतं. तेच राजाचं सिंहासन होतं आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नाही. तुमच्या बंदरावरच्या नाटकाला साडेपाच-सहा फुटांची दोन बाकडी आणि सुंभाचा एक दोर पुरतो. बाकडी टोकाला टोक लावून जोडली की होडी, समोरासमोर ठेवली की घर, एकावर एक पालथं घातलं की बँकेचं काउंटर. हलवणारी पात्रंच असावीत, तीही उजेडात, बोलता बोलता. दोघांना चार सेकंद लागतात आणि ब्लॅकआउट वाचतो. पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोका, नाहीतर लाकडी रंगमंचावर घासण्याचा आवाज वाक्य खाऊन टाकतो. बाकड्यांच्या जागांवर चारही कोपऱ्यांना टेप लावा. टेपशिवाय बाकडं दर प्रयोगात फूटभर सरकतं आणि नटाचा चेहरा दिव्याच्या बाहेर जातो.

खरं जाळं टाळा. टांगायचं तर सेट लावायच्या वेळेतली चार-पाच मिनिटं ते बांधण्यातच जातात, जमिनीवर पसरलं तर पायात अडकतं, आणि वासाबद्दल परीक्षकच बोलतील. पावसाळ्यात प्लायचे ठोकळेही नकोत. आदल्या रात्री दिलेला रंग दमट हवेत वाळत नाही आणि बसलेल्याच्या कपड्यांना लागतो.

नियमपत्रक मात्र अक्षर न् अक्षर वाचा. युवा महोत्सवाच्या पद्धतीत एकांकिकेला ३० मिनिटं, रंगमंचावर जास्तीत जास्त ९ जण, साथीला ३ आणि सेट लावायला-काढायला १० मिनिटं वेगळी मिळतात. घड्याळ इशारा झाल्यावर किंवा संघाचं निवेदन सुरू झाल्यावर, जे आधी होईल तेव्हा सुरू होतं. काही स्पर्धांत सेट लावण्याचा वेळही एकूण वेळेतच धरतात, आणि तिथे बाकडी आणून ठेवायलाही तुमचीच मिनिटं लागतात. «रिकामा रंगमंच ते रिकामा रंगमंच» असं लिहिलं असेल तर शेवटच्या अंधारात दोन्ही बाकडी विंगेत जाईपर्यंत वेळ चालू राहतो. अशा वेळी शेवटच्या प्रसंगातच एक बाकडं कुणीतरी उचलून नेईल असं बसवा, दुसरं उरलेला नट दिवे मावळताना घेऊन जाईल. संघप्रमुखांच्या बैठकीत दोनच गोष्टी विचारून घ्या: वेळ संपायची सूचना घंटेने देतात की दिव्याने, आणि वेळ ओलांडली तर गुण कापतात की संघ बाद करतात. बाद करत असतील तर प्रॉम्प्टरची ३० सेकंदांची मर्यादा १५ वर आणा.