कोऱ्या दिसणाऱ्या कागदावरची एक ओळ बदलताना

साध्या, एकरंगी पार्श्वभूमीवरची एखादी ओळ पुसून तिथे दुसरी लिहिणे हे गिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममधले सर्वांत सोपे काम आहे, असे जवळपास प्रत्येक मार्गदर्शिकेत म्हटलेले असते. पार्श्वभूमीचा रंग उचलावा, ओळीभोवती चौकट काढावी, तो रंग चौकटीत भरावा आणि वर नवा मजकूर टंकावा, एवढीच कृती त्यात दिलेली असते. ही कृती चुकीची नाही. पण ती ज्या चित्रावर करून दाखवतात ते चित्र संगणकावरच तयार झालेले असते, आणि प्रत्यक्षात ज्यांना ओळ बदलायची असते त्यांच्या हातात बहुधा कागदाचे छायाचित्र असते. हा फरक कोणीही सांगत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

माझ्याकडे आमच्याच एका सूचनापत्रकाचे जेपीईजी छायाचित्र होते. मूळ दस्तऐवज उरला नव्हता आणि तिसऱ्या ओळीतील ‘सभा सायंकाळी ५ वाजता सुरू होईल’ याऐवजी ‘सभा सायंकाळी ६.३० वाजता सुरू होईल’ एवढेच हवे होते. कागद फिकट पिवळसर, अक्षरे काळी, मागे कुठलेही चित्र किंवा नक्षी नाही. याहून साधी पार्श्वभूमी कोणती असणार?

सुरुवात सुरळीत झाली. चित्र उघडले, O ही कळ दाबून रंग उचलण्याचे साधन घेतले आणि ओळीशेजारच्या कोऱ्या जागेवर टिचकी मारली. मग R दाबून ओळीभोवती आयताकृती निवड केली आणि Edit मेनूतील Fill with FG Color हा पर्याय वापरला. Delete दाबण्यापेक्षा हे बरे, कारण Delete दाबल्यावर थराला, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पानांपैकी एकाला, पारदर्शकता असेल तर तिथे भोक पडते आणि नसेल तर पार्श्वभूमीचा म्हणून जो रंग ठेवलेला असेल तो भरला जातो, जो बहुतेकदा शुभ्र पांढरा असतो. ओळ नाहीशी झाली. तिच्या जागी मात्र एक आयत उमटला: डाव्या टोकाला आजूबाजूच्या कागदापेक्षा किंचित गडद, उजव्या टोकाला किंचित उजळ, आणि कडेने अक्षरांच्या शेंड्यांचे करडे ठिपके. नवीन मजकूर त्यावर लिहिला असता तर कागदावर चिठ्ठी चिकटवल्यासारखे दिसले असते.

इथे माझा बराच वेळ गेला. रंग पुन्हा दुसऱ्या जागेवरून उचलला की आयताचे एक टोक जुळे आणि दुसरे बिघडे. क्लोन साधनाने, म्हणजे C दाबून आणि Ctrl धरून टिचकीने नमुना घेऊन, रंगवत गेले तर मोठा आयत जाऊन त्या जागी ढगांसारखे डाग येत. दुरुस्तीचे Heal साधन कोऱ्या जागेवर छान चालते. पण काळ्या अक्षराला लागून वापरले की ते अक्षराचा काळेपणा शेजारी ओढून आणते, आणि माझ्या ओळीच्या वरखाली तर अक्षरेच होती.

शेवटी रंग उचलण्याच्या साधनाच्या पर्यायांत जाऊन Use info window ही खूण केली आणि आकडे वाचले. ओळीच्या डाव्या टोकाशी कागदाचा रंग ० ते २५५ या मापात २४३, २४०, २३१ होता आणि उजव्या टोकाशी २३२, २२९, २२१. डोळ्यांना एकच वाटणारा कागद एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-अकरा अंशांनी काळवंडत गेला होता, कारण छायाचित्र घेताना प्रकाश डावीकडून येत होता. हा फरक हळूहळू होत असतो म्हणून नजरेला जाणवत नाही. त्यावर सपाट रंगाचा तुकडा ठेवला की कडेशी तो अचानक होतो आणि लगेच दिसतो. म्हणजे अशा कागदासाठी एक ‘बरोबर’ रंग नसतोच, आणि तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

करड्या ठिपक्यांचे कारण निराळे होते. जेपीईजी चित्र ८ × ८ पिक्सेलांच्या चौकोनांत साठवले जाते, आणि ज्या चौकोनातून अक्षराची तीव्र कड जाते त्यात तिच्या आजूबाजूला फिकट तरंग उमटतात. रंगाची माहिती कमी करून साठवलेली असेल तर हा परिणाम १६ पिक्सेलांपर्यंत पसरतो. त्यामुळे निवड अक्षरांना घट्ट चिकटून करू नये. चोहोबाजूंनी निदान दहा-बारा पिक्सेल मोकळे सोडावेत, वरच्या किंवा खालच्या ओळीच्या मात्रा-वेलांट्या मध्ये येत नसतील तेवढे.

यावरून उपाय आपोआप सुचला: रंग भरायचा नाही, त्याच कागदाची कोरी पट्टी आणून ठेवायची. प्रकाश डावीकडून उजवीकडे बदलत होता, वरून खाली जवळजवळ नाही. म्हणून पट्टी ओळीच्या थेट खालच्या कोऱ्या जागेतून, डाव्या-उजव्या बाजूला अजिबात न सरकवता वर न्यायला हवी होती. माझ्या पत्रकात शेवटच्या ओळीनंतर भरपूर मोकळी जागा होती. तिथे आयताकृती निवड केली, लांबी ओळीएवढी आणि उंची ओळीपेक्षा जास्त. निवड करण्याआधी त्या साधनाच्या पर्यायांत Feather edges ला खूण करून त्रिज्या ४ ठेवली, म्हणजे पट्टीच्या कडा विरळ होत जातात. उंची जास्त घेण्याचे कारणही हेच, कारण विरळ झालेल्या कडेखालून जुन्या अक्षरांचे शेंडे डोकावतात.

Ctrl+C नंतर मात्र Ctrl+V दाबले नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी स्वतःची पाठ थोपटून घेते. साध्या चिकटवण्याने पट्टी गिम्पला वाटेल तिथे येऊन पडते आणि ती हाताने सरकवताना आडवी हलतेच. Edit मेनूतील Paste In Place या पर्यायाने ती जिथून उचलली अगदी तिथेच येते. गिम्प २.१० मध्ये ती तरंगत्या निवडीच्या रूपात येते, तेव्हा Layers फलकाच्या तळाशी असलेले नवीन थराचे बटण दाबले की तिचा स्वतंत्र थर होतो, ३.० मध्ये थर आपोआपच तयार होतो. मग Ctrl+Shift+A ने निवड काढून टाकली, M दाबून हलवण्याचे साधन घेतले, चित्राची खिडकी सक्रिय आहे याची खात्री केली आणि केवळ वरच्या दिशेच्या बाणकळीने पट्टी ओळीवर नेली. बाणकळीने ती एकेक पिक्सेल सरकते आणि Shift धरल्यास मोठ्या पावलांनी. ओळीवर ती बसली तेव्हा कडा शोधूनही सापडेनात, कारण कागदाचा बारीक खरखरीतपणाही पट्टीसोबत आलेला होता. सपाट रंगाला, तो कितीही अचूक असला तरी, हे साधणार नव्हते.

ज्यांच्या चित्रात एवढी उंच कोरी जागा नसेल त्यांनी दोन ओळींमधली अरुंद पट्टी उचलून Paste In Place दोनदा करावे आणि दोन्ही पट्ट्या किंचित एकमेकींवर चढवून ठेवाव्यात. इथे एक अडचण येते: पुन्हा काहीतरी कॉपी करायचे झाल्यास फलकात मूळ चित्राचा थर आधी निवडावा लागतो, कारण गिम्प सक्रिय थरातूनच कॉपी करतो आणि पट्टीच्या थरात त्या जागी काही नसतेच.

ठिगळ खरोखर लपले आहे की नाही हे पाहण्यासाठी मोठे करून निरखण्यापेक्षा Colors मेनूतील Threshold उघडावे. मात्र ते सक्रिय थरापुरतेच चालते, म्हणून आधी Layer मेनूतील New from Visible ने सगळ्याचा एकत्रित थर करून त्यावर हे पाहावे. खालची मर्यादा २३५ च्या आसपास सरकवताच कागदाचा उजळ भाग पांढरा आणि काळवंडलेला भाग काळा होतो, आणि ठिगळाची सरळ कड असेल तर ती त्या सीमारेषेत पायरीसारखी दिसते. पाहून झाले की रद्द करून तो थर काढून टाकावा.

नवा मजकूर लिहिणे त्यामानाने लवकर आटोपले. T दाबून टिचकी मारली की मजकुराचा स्वतंत्र थर तयार होतो. टंक युनिकोड असावा. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत युनिकोडमधली मराठी अक्षरे नसतात. कळफलकाने चित्रावर थेट टंकताना अक्षरे नीट येत नसतील तर ओळ दुसरीकडे लिहून चिकटवावी. आकार ठरवण्यासाठी मी आधी जुनीच ओळ, ‘५ वाजता’सह, जशीच्या तशी टंकली, पट्टीच्या थरासमोरचे डोळ्याचे चिन्ह बंद करून तो लपवला आणि मजकुराच्या थराची अपारदर्शकता ५० करून ती मूळ ओळीवर ठेवली. शिरोरेषा शिरोरेषेवर आणि शेवटचे अक्षर शेवटच्या अक्षरावर येईपर्यंत आकार बदलत गेले, आणि मग फक्त वेळ बदलली. मूळ चित्र पट्टीखाली शाबूत राहते याचा हा फायदा. थेट रंग भरला असता तर जुळवायला काही उरलेच नसते.

अक्षरांसाठी शुद्ध काळा रंग घेऊ नये. चित्र खूप मोठे करून एखाद्या जाड दंडाच्या मध्यातून रंग उचलावा, कडेवरून नव्हे. माझ्या पत्रकात तो ४८, ४५, ५२ निघाला. तरीही नवी ओळ शेजारच्या ओळींपेक्षा जास्त रेखीव दिसते, तेव्हा Filters मधील Gaussian Blur ०.६ पिक्सेल एवढा द्यावा. मजकुरात काही बदलायचे उरलेले नाही याची खात्री झाल्यावरच हे करावे, कारण २.१० मध्ये त्यानंतर मजकूर पुन्हा बदलला तर धूसरपणा निघून जातो.

एक गोष्ट खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती: चित्र पीएनजी किंवा जीआयएफ असेल आणि शीर्षकपट्टीत Indexed असे दिसत असेल, तर Image मेनूतून Mode मध्ये जाऊन RGB करून घ्यावे, नाहीतर मर्यादित रंगांच्या यादीबाहेरचा रंग उमटत नाही आणि अक्षरांच्या कडाही दातेरी होतात.

साठवताना Save ने फक्त गिम्पची स्वतःची xcf धारिका बनते. ती ठेवावी, कारण वेळ पुन्हा बदलली तर मजकुराचा नवा थर तेवढा करावा लागतो आणि पट्टी तशीच कामी येते. पाठवण्याची प्रत Export As ने पीएनजीमध्ये काढावी. जेपीईजीच हवी असेल तर गुणवत्ता ९० च्या खाली नेऊ नये, कारण नाहीतर नव्या अक्षरांभोवतीही तेच करडे तरंग उमटू लागतात.