चार वाजताची धडधड

"जरा बोलायचं होतं. मोकळी झालीस की फोन कर."

निरोप एवढाच होता. पाठवणारी बाई सगळ्यांनाच असं तुटक लिहिते, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा ती नोटीस बजावल्यासारख्या देते, हे मला पाठ आहे. तरी छातीत धस्स झालं. तळहात ओलसर झाले. फोन लावायच्या आधीच माझी नोकरी गेली होती, नवी शोधताना वय आडवं आलं होतं आणि म्हातारपणी मी एकटीच कुठेतरी पडून होते.

फोन निघाला रजेच्या तारखांसाठी. ते असो. मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फोन ठेवला, नोकरी शाबूत असल्याचं कळलं, तरी छाती धडधडतच राहिली. घाबरण्याचं कारण संपलं होतं आणि घाबरणं मात्र चालूच होतं. मग नजर कोपराजवळच्या कॉफीच्या कपावर गेली. दिवसातला तिसरा. बारा वाजता भूक लागली होती तेव्हा दुसरा घेतला होता आणि भूक मेली होती, त्यामुळे जेवण राहिलं ते राहिलंच. म्हणजे धडधड निरोपाच्या आधीपासूनच चालू असणार. कामाच्या नादात ती जाणवत नव्हती. निरोपानं तिला फक्त कारण पुरवलं.

लहानपणी आमच्या घरात एक अलिखित नियम होता. प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही घ्यायची ती ते जेवून उठल्यावर. जेवायच्या आधी त्याच गणिताच्या गुणांवरून "हिचं पुढे कसं होणार" इथपर्यंत मजल जायची. जेवल्यावर तेच गुण पाहून ते "बरं आहे, पुढच्या वेळी बघू" म्हणत आणि पेन शोधायला लागत. आई ताट उचलायच्या बेतात मला डोळ्यांनी खुणावायची. वडिलांना आपण उपाशीपोटी वेगळा माणूस असतो, असं कधी वाटलंच नाही. त्यांना त्या त्या वेळी गुण खरोखरच तेवढे वाईट दिसायचे.

जेवण चुकलं की शरीर स्वस्थ बसत नाही. आधी यकृतातला साखरेचा साठा हळूहळू रक्तात सोडला जातो. रक्तातली साखर आणखी उतरू लागली की ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं तिला सावरायला धावतात. यातलं ॲड्रेनलिन म्हणजे घाबरल्यावर सुटतं तेच. ते हृदयाची गती वाढवतं, हात थरथरवतं. भुकेनं सुटलेलं ॲड्रेनलिन आणि संकटानं सुटलेलं ॲड्रेनलिन यांत छातीला फरक करता येत नाही. इथे एक सांगायला हवं. निरोगी माणसाची साखर एका चुकलेल्या जेवणानं धोक्याच्या पातळीखाली सहसा जात नाही, शरीर ती छान सांभाळतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी तो खरा धोका आहे. पण बाकीच्यांनाही ती सांभाळण्याची खटपट जाणवू शकते. चिडचिड, कापरं, कशातच मन न लागणं. त्यात वरून कॉफी ओतली तर?

जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि आपल्याला थकवा जाणवू लागतो. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, आपल्याला कळत नाही, एवढंच. शिवाय कॅफीन ॲड्रेनलिनही वाढवतं, म्हणजे भुकेनं जे आधीच सुरू केलेलं असतं त्यालाच हातभार. आणि ते रक्तात रेंगाळतं फार. निम्मं कॅफीन शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. माझ्या त्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला. पहिला कप नऊला, दुसरा बाराला, तिसरा साडेतीनला. चार वाजता पहिल्यातलं चाळीस टक्क्यांच्या आसपास उरलेलं, दुसऱ्यातलं निम्म्याहून जास्त आणि तिसरा जवळजवळ पुरा. म्हणजे "एकच तर कप घेतलाय" असं म्हणताना अंगात दोनाच्या आसपास होते. रात्री अकराला अंथरुणावर पाठ टेकली तेव्हाही पाऊण कपाएवढं कॅफीन शिल्लक असणार.

हे पाच तास सगळ्यांचे सारखे नसतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. उलट सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत कॅफीन भराभर निपटतं. म्हणून सिगारेट सोडलेला माणूस पूर्वीइतकीच कॉफी पीत राहिला, तर त्याच्या रक्तात कॅफीन कितीतरी जास्त साचतं. तो अस्वस्थ होतो, येरझाऱ्या घालतो, आणि सगळं खापर सुटलेल्या सिगारेटवर फोडतो. कपाकडे कुणी बघतच नाही.

कपाकडे नीट बघणाऱ्यांत जॉन ग्रेडन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ होते. १९७४ साली त्यांनी एक लेख लिहिला, त्यात २७ वर्षांच्या एका परिचारिकेची हकीकत आहे. चक्कर, कापरं, श्वास अपुरा पडणं, डोकेदुखी, मध्येच चुकणारे हृदयाचे ठोके. तपासण्यांत काही सापडेना. नवऱ्याची बदली व्हिएतनामला होण्याची शक्यता होती, तेव्हा ही चिंताच, असं ठरलं. कारण किती चपखल! युद्धाच्या काळात सैनिकाच्या बायकोनं घाबरू नये तर कुणी घाबरावं? तिला मात्र ते पटेना. आपल्या खाण्यापिण्यात काय बदललंय हे ती शोधत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की घरात कॉफीचं नवं भांडं आलंय. त्यातली कॉफी इतकी सुरेख व्हायची की ती दिवसाला दहा-बारा कप प्यायला लागली होती. म्हणजे हजार मिलिग्रॅमच्या वर कॅफीन. निरोगी प्रौढानं दिवसाला चारशेच्या आत राहावं, असं आज सांगतात. तिनं कॉफी बंद केली आणि छत्तीस तासांत जवळजवळ सगळा त्रास गेला.

मला या गोष्टीत त्या भांड्यापेक्षा व्हिएतनामचं जास्त वाटतं. ती भीती खोटी नव्हतीच. आपल्या प्रत्येकाकडे असा एखादा विषय तयार असतो, नोकरीचा, आईच्या तब्येतीचा, न फिटलेल्या कर्जाचा. छाती धडधडली की मन कारण शोधायला निघतं आणि ते कधीच रिकाम्या हातानं परत येत नाही.

संध्याकाळचा पेलाही मग त्याच रांगेत येऊन बसतो. दिवसभर ताठलेलं शरीर घेऊन माणूस घरी येतो, दोन पेग घेतो आणि खरंच सैल होतो. दारू मेंदूतला गाबा नावाचा ब्रेक जोरात दाबते. मेंदू त्याला उत्तर म्हणून ॲक्सिलरेटर दाबू लागतो. गडबड अशी की ब्रेक आधी सुटतो आणि पाय ॲक्सिलरेटरवर तसाच राहतो. अंगातून दारू साधारण तासाला एक माप या वेगानं जाते. रात्री दहाला संपवलेले दोन पेग मध्यरात्रीनंतर उतरलेले असतात आणि तीनच्या सुमाराला टक्क जाग येते. झोप लागलेली असते पटकन, पण उत्तररात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची. रात्री तीनला जागं झालेल्या मनाला तर कारणांचा तुटवडा कधीच नसतो. त्यात तो माणूस न जेवता प्यायला असेल तर आणखी एक भर पडते. यकृतातला साठा संपत आला की शरीर एरवी नवी साखर बनवतं, आणि दारू नेमकं तेच काम अडवते.

सकाळी झोप अपुरी, म्हणून कॉफी जरा कडक. तिनं भूक मेली, म्हणून दुपारचं जेवण हुकलं. चार वाजता धडधड. संध्याकाळी ती घालवायला पेला. यातलं एकेक सुटं पाहिलं तर कुणीच फार दोषी दिसत नाही, आणि तिघांना एकत्र असं कुणी विचारत नाही.

मी विचारलं ते एका डॉक्टर मैत्रिणीला. तिनं एक वही घालायला सांगितली. अस्वस्थ वाटलं की कशामुळे वाटलं ते लिहायचंच नाही, फक्त वेळ लिहायची. शेजारी शेवटचं खाणं किती वाजता, शेवटचा कप किती वाजता, आदल्या रात्री किती प्यायले. "कारणं तू लिहिशीलच गं, त्यात तुझा हातखंडा आहे," ती म्हणाली. "मला घड्याळ दे." तिचं म्हणणं असं की खरी काळजी वेळ पाळत नाही. ती जेवल्यावरही येते, सुट्टीच्या दिवशीही येते. रोज ठरावीक वेळी येणारी आणि पोटभर जेवल्यावर अर्ध्या तासात ओसरणारी काळजी असेल, तर आधी ताटाकडे बघावं.

कॉफी एकदम तोडू नकोस, असंही तिनं बजावलं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, उत्साह मावळतो, सगळं फिकं वाटतं, आणि हे आठवडाभरसुद्धा चालू शकतं. दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी कमी केली की फारसा त्रास होत नाही. हे ऐकताना मला काही लोकांच्या रविवार सकाळच्या उदासीचा संशय आला. ऑफिसात रोज आठ वाजता कॉफी घेणारा माणूस रविवारी अकराला उठतो आणि आयुष्य निरर्थक आहे असं म्हणतो. असेलही. पण कप तीन तास चुकलाय, तेही आहेच.

वहीनं सगळं सुटतं असं मुळीच नाही. जेवण वेळेवर, कॉफी सकाळपुरती, दारू बंद, असं काही आठवडे जाऊनही घाबरणं किंवा मरगळ तशीच राहिली, तर ते दुखणं स्वतंत्र आहे आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. जीव नकोसा वाटत असेल तर त्या आठवड्यांचीही वाट बघायची नाही.

आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं हे वाचून उद्यापासून बंद, असं परस्पर ठरवू नये. कॉफी एकदम सोडली तर डोकं दुखतं. वर्षानुवर्षांची दारू एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास होऊ लागतात, भान सुटतं, आणि माणूस त्यात दगावूसुद्धा शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊनच सोडायची असते.