तीन मिनिटांचे अरबी भाषण: ‘तरुण पूर्वीपेक्षा कमी वाचतात’

दोहामध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या अरबीच्या वर्गात सत्राच्या शेवटी वादविवाद असतो. मला ठरावाची बाजू मिळाली: ‘यरा हाज़ल-मजलिस अन्नश-शबाब यक़रऊन अक़ल्ल मिन ज़ी क़ब्ल’. म्हणजे तरुण पूर्वीपेक्षा कमी वाचतात, असे या सभेचे मत आहे. वेळ तीन मिनिटे. शुद्ध अरबीत माझ्या वेगाने तेवढ्यात जेमतेम अडीचशे शब्द होतात. म्हणजे एकच मुद्दा नीट मांडता येतो.

माझ्या जोडीदाराने लगेच एक आकडा सुचवला: अरब माणूस वर्षाला सहा मिनिटे वाचतो. अरबी वर्तमानपत्रांत आणि भाषणांत हे वाक्य इतक्या वेळा येते की सगळ्यांना पाठ असते. तेच आम्ही टाळले. २०१६ च्या अरब वाचन निर्देशांकात सरासरी वर्षाला ३५ तासांच्या आसपास आली होती. आम्ही सहा मिनिटे म्हणताच समोरचा ३५ तास म्हणणार, आणि आमचे उरलेले भाषण ती खिंड लढवण्यातच जाणार. शिवाय ठरावात ‘पूर्वीपेक्षा’ आहे. सहा मिनिटे असोत की ३५ तास, दोन्ही आकडे एकेकाच वेळचे. त्यांच्यावरून वाचन घटले की वाढले हे कळत नाही.

म्हणून मी तोच प्रश्न अनेक वर्षे विचारलेली पाहणी शोधू लागले. अमेरिकेतल्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना विचारतात: आवड म्हणून, स्वतःच्या वेळात किती वेळा वाचता? ‘जवळजवळ रोज’ म्हणणारे १९८४ मध्ये ३५ टक्के होते, २०१२ मध्ये २७ आणि २०२३ मध्ये १४. मला हे फार भावले, कारण यात शाळेचा अभ्यास येत नाही. आपणहून वाचायला बसणे अर्ध्याहून खाली आले आहे.

मग भाषेचे काम. अरबीत संख्या अवघड असतात. संख्येचे लिंग नामावरून ठरते, तर नामाचे वचन आणि शेवटचा स्वर संख्येप्रमाणे बदलतात. उस्ताज़ांनी सांगितले, ‘टक्के, साल, सगळे एका वाक्यात कोंबू नकोस. शंभरांतून किती, तेवढेच सांग.’ तसे वाक्य बसले: ‘कानू ख़मसतं व-सलासीन, फ़-सारू अरबअत अशर’. पस्तीस होते, चौदा झाले. ‘कान’नंतर ‘सलासून’चे ‘सलासीन’ होते, पण बोलीत तेच रूप सतत कानावर पडते, त्यामुळे तिथे जीभ अडत नाही. चौदाची संख्या तर वाक्यात कुठेही ठेवा, तिचा शेवट बदलत नाही. आकडा निवडताना अशा गोष्टीही पाहाव्या लागतात.

दुसरी सूचना त्यांनी एका जुन्या वचनात दिली: ‘सक्किन तस्लम’. शेवटचा स्वर गाळ, सुरक्षित राहशील. अरबीत विराम घेतला की शब्दाच्या अखेरचा ऱ्हस्व स्वर उच्चारत नाहीत, आणि परदेशी वक्त्याच्या बहुतेक चुका त्याच स्वरांत होतात. मी लांब वाक्ये तोडली. प्रत्येक वाक्य साधारण सहा-सात शब्दांचे, मग श्वास. परीक्षकांनाही ऐकायला सोपे जाते. मात्र वाक्याच्या मधल्या शब्दांचे स्वर सुटत नाहीत. ते हरकती, म्हणजे स्वरचिन्हे, लावून लिहून मोठ्याने घोटावे लागले.

प्रत्यक्ष सामन्यात विरोधी बाजूच्या पहिल्या वक्त्या म्हणाल्या की तरुण आता फोनवर वाचतात, कागदावर मोजू नका. याचे उत्तर माझ्याकडे होते. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका पाहणीत १८ ते २४ वयोगटात वर्षभरात एखादी कथा, कादंबरी, कविता किंवा नाटक वाचलेले लोक १९८२ मध्ये जवळपास ६० टक्के होते आणि २००२ मध्ये सुमारे ४३. तेव्हा हातात स्मार्टफोन नव्हते. घट त्याआधीच सुरू झाली होती.

त्यांचा पुढचा वार खरा जोरदार होता: त्याच पाहणीत २००८ मध्ये हा आकडा ५२ च्या जवळ चढला. त्या अभ्यास करून आल्या होत्या, हे मनापासून आवडले. मी आकडा मान्य केला आणि एवढेच म्हटले की ५२ देखील ६० पेक्षा कमीच आहे, आणि ठराव ‘सतत घट’ म्हणत नाही, ‘पूर्वीपेक्षा कमी’ म्हणतो.

गुण आमच्या बाजूने गेले, पण परीक्षकांचा आक्षेप मला पटला. तुमचे दोन्ही पुरावे अमेरिकेचे आहेत, ते म्हणाले. ठरावात कुठल्याही देशाचे नाव नाही, तर निदान एका अरब देशाची दोन वेगळ्या सालांची पाहणी हवी होती. पुढच्या सत्रात हाच ठराव आला, तर सुरुवात तिथूनच करायची आहे.